तापलेली भिंत आणि शंभर कोटींची रेघ

पावडर कोटिंगच्या कारखान्यात रंगाची पूड मारलेले लोखंडी भाग ज्या ओव्हनमध्ये भाजतात, त्याच्या आत साधारण १८० ते २०० अंश सेल्सियस तापमान असतं. भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये रॉकवूल दाबून भरलेलं असतं, त्यामुळे बाहेरचा पत्रा हाताला फार तर कोमट लागावा अशी अपेक्षा असते. एखाद्या जुन्या ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्यावर मात्र थर्मामीटर ७० अंश दाखवतो. शेडमधली हवा ३० अंशांची आहे, भिंत २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद आहे. मालकाचा प्रश्न सरळ असतो: या एका भिंतीतून किती वीज वाया जातेय?

तापमान थर्मामीटरवर मिळालं, लांबी-रुंदी टेपवर मिळाली. वॅट काढायला आणखी एक आकडा लागतो आणि तो कुठल्याच उपकरणावर थेट दिसत नाही. पत्रा आणि हवा यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून किती वॅट हवेत जातात, तो हा आकडा. पुस्तकांत त्याला h हे अक्षर दिलेलं असतं. पंखा नाही, वारा नाही, अशा शांत हवेत उभ्या पत्र्यासाठी तो बहुतेक वेळा ३ ते ६ च्या दरम्यान असतो. पण ३ धरायचा की ६, यावर उत्तर दुप्पट होतं किंवा निम्म्यावर येतं. म्हणून त्यासाठी सूत्रं आहेत. सूत्रं एकाहून जास्त आहेत आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी भिंतीजवळ काय चालतं ते पाहू. पत्र्याला लागून असलेली हवा तापते, फुगते, आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी होते आणि वर सरकू लागते. तिच्या जागी खोलीतली गार हवा येते, तीही तापते, तीही वर जाते. असा भिंतीला चिकटून वर चढणारा हवेचा एक पातळ थर तयार होतो. आपल्या ७० अंशांच्या भिंतीवर जमिनीपासून अर्ध्या मीटर उंचीवर हा थर जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटर जाड असतो. पत्र्याला अगदी टेकलेली हवा हलतच नाही. चिकटपणामुळे ती तिथेच धरून ठेवली जाते. सगळ्यात जास्त वेग पत्र्यापासून चार-पाच मिलिमीटरवर सापडतो आणि तोही सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास. त्यापुढे वेग पुन्हा कमी होत जातो आणि दोन सेंटिमीटरपलीकडची हवा जवळजवळ स्वस्थ असते. खोलीभर पसरलेल्या एवढ्या हवेतली या बोटभर थरातली हवाच भिंतीची उष्णता वाहून नेते.

जमिनीजवळ हा थर पातळ आणि गुळगुळीत असतो, हवेचे पदर एकमेकांवरून न मिसळता सरकतात. वर चढताना थर जाड होत जातो आणि पुरेशी उंची मिळाली की तो डळमळू लागतो, भोवरे पडतात, आतली गरम हवा बाहेर फेकली जाते आणि बाहेरची गार हवा थेट पत्र्यापर्यंत पोचते. पहिल्याला स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला विक्षुब्ध. दोघांत उष्णता वाहून नेण्याची रीतच वेगळी असल्याने दोघांचं सूत्रही वेगळं. तेव्हा कुठलं सूत्र घ्यायचं हा प्रश्न खरं तर असा आहे: आपल्या भिंतीवरचा थर अजून गुळगुळीत आहे की विस्कटला आहे?

याचं उत्तर देणाऱ्या संख्येला लॉर्ड रॅले यांचं नाव आहे. आरगॉन वायूच्या शोधासाठी १९०४ चं नोबेल मिळवलेले हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. १९१६ मध्ये त्यांनी खालून तापवलेल्या आडव्या द्रवथरात प्रवाह कधी सुरू होतो याचं गणित मांडलं आणि त्यातून ही राशी पुढे आली. उभ्या भिंतीलाही तीच लागू पडते:

Ra = g β (Ts − T∞) L³ / (ν α)

वरच्या ओळीत हवेला वर ढकलणाऱ्या गोष्टी आहेत. g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, β म्हणजे एका अंशामागे हवा किती फुगते ते, त्यानंतर पत्रा आणि हवा यांच्या तापमानांतला फरक, आणि L म्हणजे भिंतीची उंची. खालच्या ओळीत या ढकलण्याला विरोध करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. ν हा हवेचा चिकटपणा, जो तिला सरकू देत नाही. α हा उष्णता आजूबाजूला झिरपण्याचा वेग. गरम हवेतली ऊब शेजारी लवकर झिरपली, तर तिचा हलकेपणाही लवकर संपतो. भागाकार केल्यावर मीटर, सेकंद, अंश ही सगळी एककं कटून जातात आणि नुसती संख्या उरते. ती छोटी असेल तर चिकटपणाचा वरचष्मा, प्रचंड असेल तर उत्प्लावनाचा.

हवेतल्या उभ्या पत्र्यासाठी स्तरीय आणि विक्षुब्ध यांच्यामधली रेघ साधारण १०⁹ वर, म्हणजे शंभर कोटींवर ओढतात. ही रेघ खडूची आहे, सुरीची नाही. थर डळमळायला त्याच्या थोडा आधी लागतो आणि पुरता विस्कटायला बरंच पुढे जावं लागतं. तरी सूत्र निवडायला ती पुरेशी आहे.

आता आकडे घालू. हवेचे गुणधर्म कुठल्या तापमानाचे घ्यायचे? पत्रा ७०, हवा ३०. प्रघात असा की मधलं म्हणजे ५० अंश सेल्सियस धरायचं, कारण थरातली हवा सरासरी तेवढीच तापलेली असते. या तापमानाला ν सुमारे 1.82 × 10⁻⁵ आणि α सुमारे 2.59 × 10⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद असतो. β काढायला हवेच्या बाबतीत तक्ता लागत नाही, एकाला निरपेक्ष तापमानाने भागलं की झालं: 1/323. इथे अनेकांचा पाय घसरतो. केल्विनऐवजी सेल्सियस घालून 1/50 केलं, तर रॅले संख्या साडेसहापट फुगते आणि h दीडपटीहून जास्त येतो. उत्तर वरकरणी वेडंवाकडं दिसत नाही, म्हणून चूक लपून राहते.

उंची सोडून बाकी सगळं एकत्र केलं, तर दर घनमीटरला सुमारे २५८ कोटी हा आकडा हाती येतो. त्याला आता फक्त उंचीच्या घनाने गुणायचं. त्याच कारखान्यात नमुने तपासायचा एक लहान ओव्हन आहे, त्याचं दार अर्धा मीटर उंच आहे आणि तेही ७० अंशांवर आहे असं समजा. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणून त्या दारासाठी रॅले संख्या ३२ कोटी. मोठ्या ओव्हनच्या २ मीटर भिंतीसाठी घन आठ, म्हणून २,०६० कोटी. तापमान तेच, हवा तीच, उंची चौपट, संख्या चौसष्टपट. या तापमानांना शंभर कोटींची रेघ सुमारे ७३ सेंटिमीटर उंचीवर लागते, म्हणजे लहान दार रेघेच्या पुरतं आत आणि मोठी भिंत पुरती बाहेर.

उंचीचा घन असल्यामुळेच L म्हणून काय घातलं याला फार किंमत आहे. समजा ३० सेंटिमीटर उंच आणि ३ मीटर लांब अशी तापलेली पट्टी आहे. हवा उभी चढते, म्हणून L ०.३ मीटर आणि रॅले संख्या सुमारे ७ कोटी. कुणी लांबी मोठी दिसली म्हणून ३ मीटर घातले, तर तीच संख्या हजारपट होते आणि माणूस नकळत दुसऱ्या प्रवाहाचं सूत्र उघडून बसतो.

सूत्रांकडे वळायचं तर त्यांचा उगम बराच जुना आहे. डेन्मार्कचे लुडविग लोरेन्झ यांनी १८८१ मध्येच उभ्या तापलेल्या भिंतीचं गणित करून दाखवलं होतं की उष्णतेचा प्रवाह रॅले संख्येच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो (अर्थात तेव्हा त्या राशीला रॅले यांचं नाव नव्हतं). १९३० मध्ये जर्मनीत श्मिट आणि बेकमन यांनी हवेतल्या तापलेल्या पत्र्याजवळचा वेग आणि तापमान प्रत्यक्ष मोजलं, आणि १९५३ मध्ये सायमन ऑस्ट्राक यांनी अमेरिकेत संगणकाच्या मदतीने त्याच समीकरणांची उत्तरं काढली. स्तरीय प्रवाहाच्या बाबतीत गणित आणि मोजमाप छान जुळतात. विक्षुब्ध प्रवाहाचं असं नेमकं गणित नाही. तिथे प्रयोगांचे ठिपके आलेखावर मांडून त्यांतून रेषा ओढावी लागते.

ही सूत्रं थेट h देत नाहीत, ती नुसेल्ट संख्या देतात. हवा अजिबात न हलता नुसती उष्णता झिरपू देत राहिली असती, त्याच्या किती पट उष्णता ती प्रत्यक्षात नेते, असा या संख्येचा ढोबळ अर्थ. तिला हवेच्या उष्णतावाहकतेने (५० अंशांना सुमारे ०.०२८) गुणायचं आणि उंचीने भागायचं, की h मिळाला. पाठ्यपुस्तकांत सगळ्यात जास्त वापरली जाणारी जोडी अशी आहे:

Nu = 0.59 Ra^(1/4), Ra 10⁴ ते 10⁹
Nu = 0.10 Ra^(1/3), Ra 10⁹ ते 10¹³

लहान दारासाठी पहिलं सूत्र. ३२ कोटींचं चौथं मूळ सुमारे १३४, नुसेल्ट संख्या ७९ आणि h ४.४. मोठ्या भिंतीसाठी दुसरं सूत्र. २,०६० कोटींचं घनमूळ सुमारे २,७४०, नुसेल्ट संख्या २७४ आणि h ३.८. रेघ न पाहता मोठ्या भिंतीलाही पहिलंच सूत्र लावलं असतं, तर h ३.१ आला असता. भिंत प्रत्यक्षात जेवढी उष्णता सोडते, त्याहून बरीच कमी दाखवली गेली असती.

या दोन घातांकांत एक मजेदार गोष्ट दडलेली आहे. रॅले संख्येत उंचीचा घन आहे. घनमूळ घेतलं की उंची जशीच्या तशी बाहेर येते आणि h काढताना उंचीने भागल्यावर कटून जाते. म्हणजे विक्षुब्ध प्रवाहात भिंत २ मीटर असो की ४ मीटर, दर चौरस मीटरमागची उष्णता तेवढीच. भोवरे गार हवा सतत आत आणत असल्याने वरच्या पत्र्याला खालून चढलेल्या गरम हवेची झळ फारशी लागत नाही. स्तरीय प्रवाहात तसं नाही. तिथे वरचा भाग खालच्या भागाने तापवलेल्या हवेत बुडालेला असतो, म्हणून भिंत जितकी उंच तितका सरासरी h कमी. यंत्रांच्या उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांना एकच उंच पत्रा करण्यापेक्षा त्याचे आखूड तुकडे करून प्रत्येकाला गार हवा मिळेल अशी अंतरं ठेवणं फायद्याचं पडतं, त्याचं कारण हेच.

जोडीऐवजी एकच सूत्र सगळीकडे वापरायची सोयही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले स्टुअर्ट चर्चिल आणि हंबर्ट चू यांनी १९७५ मध्ये ते दिलं:

Nu = { 0.825 + 0.387 Ra^(1/6) / [1 + (0.492/Pr)^(9/16)]^(8/27) }²

Pr म्हणजे प्रँटल संख्या, चिकटपणा आणि उष्णता झिरपणं यांचं गुणोत्तर. हवेसाठी ते सुमारे ०.७ आणि फारसं बदलत नाही. दिसायला सूत्र भयंकर आहे, पण हवेसाठी कंसातला सगळा पसारा एका स्थिर आकड्यात मावतो आणि उरतं ते साधंच: (0.825 + 0.324 Ra^(1/6))². मोठ्या भिंतीसाठी हे h ४.४ देतं. लहान दारासाठी ४.९. चर्चिल आणि चू यांनी शंभर कोटींच्या आतल्या प्रवाहासाठी वेगळं सूत्रही दिलं आहे, Nu = 0.68 + 0.670 Ra^(1/4) / [1 + (0.492/Pr)^(9/16)]^(4/9). ते लहान दारासाठी ३.९ देतं.

म्हणजे एकाच दाराला तीन मान्यवर सूत्रांनी ३.९, ४.४ आणि ४.९ अशी तीन उत्तरं दिली. यातलं कुणीच चुकलेलं नाही. या विषयातल्या सूत्रांकडून दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नेमकेपणाची अपेक्षा धरू नये, आणि h ४.४२७ असा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणं हा निव्वळ शोभेचा भाग. निवडायचंच झालं तर नियम असा करता येतो: रॅले संख्या शंभर कोटींच्या पुरती आत असेल तर स्तरीय प्रवाहाचं खास सूत्र घ्यावं, कारण त्यामागे नेमकं गणित आहे, रेघेजवळ किंवा तिच्या बाहेर असेल तर चर्चिल-चू यांचं सर्वसमावेशक सूत्र घ्यावं, कारण ते रेघेवर उडी न मारता सलग जातं. जोडीतली सूत्रं शंभर कोटींवर एकमेकांना अगदी शिवत नाहीत. पहिलं १०५ देतं, दुसरं १००. फरक लहान आहे, पण तापमान हळूहळू बदलत संगणकावर गणित चालवलं, तर आलेखात तिथे पायरी दिसते.

मोठ्या भिंतीचा हिशेब आता पुरा होऊ शकतो. h ४.४, तापमानांतला फरक ४० अंश, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. गुणाकार सुमारे १,०६० वॅट.

मालकाला हा आकडा सांगून थांबलं तर मात्र हिशेब अर्ध्याहून कमी होईल. तापलेला पत्रा हवेला उष्णता देतो तशी शेडच्या भिंती, छप्पर, यंत्रं यांच्याकडे प्रारणानेही टाकतो, आणि रॅले संख्येचा त्याच्याशी काही संबंध नाही. रंगवलेल्या पत्र्याची उत्सर्जकता ०.९ धरली, तर ७० अंशांचा पत्रा ३० अंशांच्या परिसराला दर चौरस मीटरला सुमारे २७६ वॅट देतो. सहा चौरस मीटरचे झाले १,६५० वॅट. हवेने नेलेल्या उष्णतेच्या दीडपट! चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा असता तर हेच प्रारण दहाव्या हिश्शावर आलं असतं. मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत तापवलेल्या नळीवर नैसर्गिक अभिसरणाचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोजलेला h सूत्रापेक्षा बराच जास्त येतो, तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. मीटरवर दिसणारे सगळे वॅट हवेच्या नावावर लिहिलेले असतात, नळीवरची पुटं मात्र वर्षानुवर्षांची.

दुसरी शंका पंख्याची. भिंतीवरची हवा स्वतःहून सेकंदाला अर्धा-पाऊण मीटरच्या आसपासच वेग घेते, आणि शेडमधला मोठा पंखा भिंतीजवळ एक मीटरचा झोत सहज आणू शकतो. मग नैसर्गिक अभिसरणाची कुठलीच सूत्रं जशीच्या तशी चालत नाहीत, प्रवाह मिश्र होतो. तपासायची सोपी रीत म्हणजे g β (Ts − T∞) L या गुणाकाराला झोताच्या वेगाच्या वर्गाने भागायचं. उत्तर दहाच्या वर असेल तर झोत विसरता येतो, एकाच्या आसपास असेल तर नाही. आपल्या मोठ्या भिंतीसाठी एक मीटरच्या झोतात हे उत्तर अडीचच्या जवळ येतं. म्हणजे पंखा बंद करूनच मोजमाप घ्यावं. भिंतीलगतचा प्रवाह डोळ्यांनी पाहायला काही जण उदबत्तीचा धूर वापरतात, खालच्या भागात तो पत्र्याला धरून सरळ चढताना आणि वर विस्कटताना दिसतो. पण पावडर फवारण्याच्या बूथजवळ ही हौस करू नये, हवेत उडालेली ती पूड पेट घेते.

एकूण मिळून भिंत सुमारे २.७ किलोवॅट सोडतेय, दर चौरस मीटरला ४५० वॅटच्या थोडे वर. एवढी उष्णता आतून येतेय म्हणजे ती रॉकवूलमधूनच येत असली पाहिजे. रॉकवूल १० सेंटिमीटर जाड असेल आणि त्याची उष्णतावाहकता ०.०४५ धरली, तर आतले २०० अंश आणि बाहेरचे ७० अंश यांच्यामध्ये त्यातून दर चौरस मीटरला फक्त ५८ वॅट जाऊ शकतात. ४५० आणि ५८ यांचा मेळ बसत नाही.

मग धड असलेल्या भिंतीचं तापमान किती असायला हवं? इथे पत्र्याचं तापमान माहीत नाही, म्हणून ते अंदाजाने धरायचं, रॅले संख्या काढायची, h काढायचा, प्रारण मिळवायचं, आणि रॉकवूलमधून येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेइतकी होते का ते पाहायचं. जुळलं नाही तर अंदाज बदलून पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर ३८-३९ अंशांवर स्थिरावतं. त्या तापमानाला रॅले संख्या सुमारे ५५० कोटी असते, म्हणजे अजूनही रेघेच्या बाहेर, म्हणून सर्वसमावेशक सूत्रच लागू. h येतो २.८, प्रारणाचा वाटा ५.९, आणि पूर्ण भिंत साधारण ४४० वॅट सोडते.

पत्रा ७० अंशांवर असण्याचा अर्थ त्यातून स्पष्ट होतो. या भिंतीचं रॉकवूल जवळजवळ आठपट जास्त उष्णता जाऊ देत आहे. ते भिजलं असेल, वर्षांनुवर्षांच्या कंपनांनी खाली बसून वर पोकळी राहिली असेल, किंवा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा लोखंडी पट्ट्यांनी थेट जोडलेले असतील. यांतलं कोणतं, हे थर्मामीटर भिंतीवर वर-खाली फिरवून कळू शकतं: फक्त वरची पट्टी तापलेली सापडली तर रॉकवूल बसलं आहे, ठरावीक अंतरांवर उभे गरम पट्टे सापडले तर जोड लोखंडी आहेत, आणि सगळी भिंत सारखीच तापलेली सापडली तर पत्रा उघडून आत पाहण्याला पर्याय नाही. मालकाला द्यायचा आकडा २.७ किलोवॅट नव्हे. त्यातले सव्वादोन किलोवॅट या एका भिंतीच्या दुरुस्तीने वाचू शकतात.